गॅसची सबसिडी खात्यात दिसत नाही? ती कुठे गेली ते आधी शोधा

गॅस एजन्सीच्या काउंटरवर बसलं की एक प्रश्न रोज ऐकायला मिळतो. "साहेब, टाकी घेतली, पैसे मोजून दिले, पण सबसिडी का नाही आली?" विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा नुकतंच छापून आणलेलं पासबुक असतं आणि बोलण्यात थोडा राग. एजन्सीने पैसे अडवून ठेवलेत, असं त्यांना मनापासून वाटत असतं.

तो समज आधी दूर करतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सबसिडीचे पैसे एजन्सीच्या हातात कधीच येत नाहीत. तुमच्याकडे टाकी पोचली की आम्ही संगणकात त्या पावतीची डिलिव्हरी पूर्ण झाल्याची नोंद करतो. आमचं काम तिथे संपतं. पुढे तेल कंपनीची यंत्रणा त्या नोंदीवरून रक्कम काढते आणि ती कंपनीच्या बँकेमार्फत एनपीसीआय या संस्थेकडे जाते. तिथे तुमच्या आधार क्रमांकासमोर ज्या बँकेचं नाव लिहिलेलं आहे, त्या बँकेकडे पैसे रवाना होतात. मग ती बँक ते तुमच्या खात्यात टाकते आणि 'जमा' किंवा 'नाकारले' असा निरोप उलट पाठवते. तो निरोप आम्हाला स्क्रीनवर दिसतो. तोच निरोप तुम्हालाही घरबसल्या दिसू शकतो, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असतं.

आता मुळात सबसिडी कोणाला मिळते, ते एकदा बघून घ्या. कारण निम्मी गर्दी इथेच कमी होईल. उज्ज्वला योजनेत नसलेल्या साध्या घरगुती ग्राहकाला २०२० च्या मध्यापासून बहुतेक ठिकाणी सबसिडी शून्य आहे. त्या वेळी बाजारभाव आणि सबसिडीचा भाव एकाच पातळीवर आले आणि फरकच उरला नाही. दुर्गम भागात वाहतुकीपोटी किरकोळ रक्कम येते, तेवढीच. त्यामुळे 'पूर्वी यायची, आता बंद झाली' असं म्हणणाऱ्या उज्ज्वलाबाहेरच्या ग्राहकाच्या खात्यात काही बिघाड शोधत बसण्यात अर्थ नाही.

उज्ज्वलाचं गणित वेगळं आहे. मे २०२२ मध्ये दर टाकीमागे २०० रुपये सुरू झाले, ऑक्टोबर २०२३ पासून ते ३०० झाले. आधी वर्षाला १२ टाक्यांपर्यंत ही रक्कम मिळत होती. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी केंद्राने ती ९ टाक्यांपर्यंत ठेवली. टाकी १४.२ किलोची धरायची; पाच किलोच्या छोट्या टाकीला त्याच प्रमाणात कमी. वर्ष एप्रिल ते मार्च असं मोजतात, जानेवारीपासून नव्हे. तेव्हा फेब्रुवारीत 'या वेळचे आले नाहीत' म्हणून येण्याआधी एप्रिलपासून किती टाक्या झाल्या ते पुस्तकात मोजून बघा.

महाराष्ट्रात आणखी एक गोंधळ असतो. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली, वर्षाला तीन टाक्यांची. तिचे पैसे राज्याचे, उज्ज्वलाचे ३०० केंद्राचे. दोन्ही रक्कमा वेगवेगळ्या येतात, वेगवेगळ्या तारखांना येतात. एकीच्या नावाने दुसरी शोधू नका. या लेखात मी फक्त ३०० रुपयांच्या मागे लागणार आहे.

आता खरा मुद्दा. उज्ज्वलाची ग्राहक आहे, टाक्यांची मर्यादा संपलेली नाही, टाकी वेळेवर मिळाली, तरी पासबुकात पैसे नाहीत. माझ्या अनुभवात अशा तक्रारींपैकी पुष्कळशांमध्ये पैसे अडकलेले नसतात. ते जमा झालेले असतात, फक्त दुसऱ्याच खात्यात. तेही खातं तिचंच असतं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. तालुक्यापासून लांबच्या गावातल्या एक काकू त्यांच्या मुलाला घेऊन आल्या. गॅस उज्ज्वलाचा, काकूंच्याच नावावर. सबसिडी अनेक वर्षं जिल्ह्याच्या गावातल्या एका सरकारी बँकेच्या खात्यात येत होती. २०२४ च्या दिवाळीच्या आसपास ती थांबली. मुलाने बँकेत विचारलं, तिथे सांगितलं, "आमच्याकडे काहीच आलेलं नाही, गॅसवाल्याला विचारा." बँकेचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

मी पुस्तकावरचा ग्राहक क्रमांक टाकला. डिलिव्हरीच्या यादीत एकेका टाकीसमोर तारीख, पावतीचा नंबर, सबसिडीची रक्कम ३०० आणि निकाल असे रकाने दिसतात. प्रत्येक टाकीसमोर निकाल यशस्वी होता. फक्त बँकेच्या नावाच्या रकान्यात पहिल्या काही ओळींत एक बँक होती आणि पावसाळ्यानंतरच्या सगळ्या ओळींत दुसरंच नाव, टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचं.

"काकू, पोस्टात खातं उघडलंय का?"

"नाही बाई. पोस्टात कशाला उघडू?"

मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, "आई, लाडकी बहीणच्या वेळी पोस्टमनकडे अंगठा दिला होतास की."

झालं, उलगडा झाला. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीणचे अर्ज भरले जाऊ लागले. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येणार होते. ज्यांचं खातं जोडलेलं नव्हतं किंवा जोडलंय की नाही याची खात्री नव्हती, त्यांनी पटकन होणारा मार्ग धरला आणि नवं खातं उघडलं. खातं उघडताना अंगठा घेतात आणि त्याच वेळी सरकारी लाभ या खात्यात घेण्याची संमतीही घेतात. संमती दिली की एनपीसीआयकडच्या नोंदीत जुन्या बँकेचं नाव जाऊन नव्या बँकेचं येतं. एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकच बँक राहू शकते आणि शेवटी जोडलेली बँक जुनीला बाजूला सारते. त्या दिवसापासून आधारवरून येणारा प्रत्येक रुपया, गॅसचा असो की आणखी कशाचा, नव्या खात्यात जातो. जुनी बँक त्याबद्दल काही कळवत नाही, कारण तिच्यापर्यंत काही पोचतच नाही.

हे टपाल खात्यापुरतं नाही. २०१७ मध्ये मोबाइल सिमच्या पडताळणीसोबत लोकांची पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि लाखो ग्राहकांची गॅस सबसिडी त्यांच्या नकळत तिकडे वळली. त्यावरून तेव्हा देशभर गाजावाजा झाला आणि नियम कडक झाले. पण मूळ रचना तीच आहे, म्हणून तक्रारही तशीच येत राहते.

इथे एक शब्द नीट समजून घ्या, कारण बँकेतल्या कर्मचाऱ्याशी बोलताना याच ठिकाणी गाडं अडतं. बँकेत गेलात आणि विचारलंत, "माझं आधार लिंक आहे का?", तर उत्तर येईल, "हो, आहे." बँकेने तुमची ओळख पटवण्यासाठी आधारची प्रत घेतलेली असते आणि क्रमांक त्यांच्या संगणकात असतो. पण तेवढ्याने सबसिडी येत नाही. एनपीसीआयच्या नोंदीत त्या बँकेचं नाव लागणं ही वेगळी गोष्ट आहे. तिला बँकेत 'सीडिंग' किंवा 'डीबीटी लिंक' म्हणतात. म्हणून विचारायचं असं: "डीबीटीसाठी आधार सीडिंग या खात्याला आहे का?" एवढं विचारलं तर कर्मचाऱ्याला वेगळी स्क्रीन उघडावी लागते आणि खरं उत्तर मिळतं.

बँकेत न जाताही हे बघता येतं. myaadhaar.uidai.gov.in उघडा, आधार क्रमांक टाका आणि मोबाइलवर आलेल्या ओटीपीने आत जा. तिथे `Bank Seeding Status` असा पर्याय आहे. त्यात बँकेचं नाव, जोडणी चालू आहे की बंद आणि शेवटचा बदल कधी झाला, हे तिन्ही दिसतं. खाते क्रमांक तिथे दिसत नाही, पण बँकेचं नाव पुरेसं असतं. काकूंच्या बाबतीत बदलाची तारीख आणि सबसिडी थांबल्याची वेळ जुळली. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही, मग आधी आधार केंद्रात जाऊन नंबर नोंदवावा लागेल.

गॅसच्या बाजूचं चित्र mylpg.in वर बघता येतं. तिथून तुमची कंपनी निवडली की तिच्या संकेतस्थळावर जाता येतं. त्यासाठी १७ आकडी एलपीजी आयडी जवळ ठेवा. तो पावतीवर छापलेला असतो. पुस्तकावरचा छोटा ग्राहक क्रमांक वेगळा, दोन्हींत घोळ करू नका.

आता काकूंनी काय केलं? दोन मार्ग होते. एक म्हणजे पोस्टातलं खातं तसंच चालू ठेवायचं आणि पैसे तिथून काढायचे. काकूंचे आतापर्यंतचे पैसे त्याच खात्यात साठलेले होते. पोस्टमन दारात येऊन अंगठ्यावर पैसे देतो, म्हणून त्यांना बँकेच्या फेरीपेक्षा हे सोयीचं वाटलं. इतके दिवस पैसे का दिसले नाहीत, याचंही उत्तर मिळालं: गावातल्या केंद्रावर अंगठा लावून शिल्लक बघताना समोरचा माणूस यादीतून बँक निवडतो आणि तिथे दरवेळी जुनीच बँक निवडली जात होती. आधार एकच असलं तरी त्या यंत्रात बँक तुम्हाला सांगावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे जोडणी पुन्हा जुन्या बँकेकडे वळवायची. त्यासाठी ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जायचं. जिथून काढायचे तिथे नव्हे. तिथे आधार सीडिंगच्या संमतीचा अर्ज मिळतो. त्यात नवी जोडणी आहे की एका बँकेतून दुसऱ्या बँकेत बदल आहे, असे पर्याय असतात. बदलाचा पर्याय निवडून आधीच्या बँकेचं नाव लिहायचं. अर्जाची पोच शिक्क्यासह मागून घ्या. काही दिवसांनी वर सांगितलेल्या पानावर बँकेचं नाव बदललं का ते बघा. बदललं नसेल तर ती पोच घेऊन पुन्हा बँकेत जा. गॅस एजन्सी यात काहीही करू शकत नाही, आमच्या स्क्रीनवर ते बटणच नाही.

पण वळवण्याआधी घरात बसून एकदा विचार करा. नोंद बदलली की फक्त गॅस बदलत नाही. लाडकी बहीणचे पैसे, निराधार योजनेचे, मुलाची शिष्यवृत्ती आईच्या आधारवर असेल तर ती, असे आधारवरून येणारे सगळे पैसे नव्या जागी जातील. दोन महिन्यांनी 'लाडकीचे आले नाहीत' म्हणून पुन्हा फेऱ्या सुरू होतात, हे मी बघतो. सोयीचं एकच खातं ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पतसंस्थेचं खातं असेल तर विसरा, आधारवरचे पैसे तिथे येत नाहीत. छोट्या सहकारी बँकेत खातं असेल तर अर्ज देण्याआधी विचारा की तिथे डीबीटी जोडणी होते का.

आतापर्यंत सांगितलं ते निकाल यशस्वी दिसतो तेव्हाचं. निकाल नाकारल्याचा असेल तर गोष्ट वेगळी आणि त्यासमोरचं कारण वाचणं महत्त्वाचं. सर्वांत जास्त दिसणारं कारण म्हणजे एनपीसीआयकडे आधारची जोडणी बंद आहे. खातं बंद केलं, बँकेने नोंद काढली किंवा जोडणी कधी झालीच नाही. उपाय वरचाच, संमतीचा अर्ज. दुसरं कारण जनधनच्या छोट्या खात्यांचं. ज्या खात्याला पूर्ण केवायसी नाही त्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर जाऊ शकत नाही. शेतमालाचे पैसे त्याच खात्यात आले की मर्यादा भरते आणि मग गॅसचे ३०० रुपयेही परत जातात. पूर्ण केवायसी केली की ती मर्यादा उठते.

काही जुन्या ग्राहकांची सबसिडी आधारवर नाही, थेट खाते क्रमांक आणि आयएफएससीवर जाते. २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली: देना आणि विजया बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत. शाखांचे आयएफएससी बदलले, काहींचे खाते क्रमांकही. अशा ग्राहकाने नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत एजन्सीत द्यावी. हे काम आमचंच आहे आणि ते आम्ही केलं पाहिजे.

रकाना रिकामाच असेल, म्हणजे रक्कमच तयार झालेली नसेल, तर तीन गोष्टी तपासा. डिलिव्हरीची नोंद झाली का? टाकी घरात पोचली, पण आमच्याकडे पावती बंद झाली नाही, असं होऊ शकतं, विशेषतः टाकी देणाऱ्याने मोबाइलवर आलेला डिलिव्हरी कोड घेतला नाही तर. ही चूक एजन्सीची, थेट सांगा. दुसरं, ई-केवायसी. उज्ज्वला ग्राहकाला ती दर आर्थिक वर्षात एकदा करावी लागते. एजन्सीत अंगठ्याने किंवा कंपनीच्या अॅपवर चेहरा दाखवून होते, पैसे लागत नाहीत. तिसरं, 'सबसिडी सोडली' अशी नोंद लागली आहे का. फोनवर नंबर लावताना चुकीचा आकडा दाबला गेल्याने असं झालेले ग्राहक मी पाहिलेत. एजन्सीत लेखी अर्ज देऊन ती नोंद काढण्याची विनंती करता येते.

नवऱ्याच्या नावावर गॅसची जोडणी होती आणि ते वारले, असं असेल तर वरच्या कशाचाच उपयोग नाही. आधी गॅसची जोडणी स्वतःच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं लागतात. तोवर खातं दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका.

एजन्सीत येताना गॅसचं पुस्तक, आधार आणि शेवटच्या दोन-तीन टाक्यांच्या पावत्या आणा. पासबुक आणलंत तरी चालेल, पण त्यात पैसे नाहीत हे आम्हाला आधीच माहीत असतं. काउंटरवर प्रश्न असा विचारा: "अमुक तारखेच्या टाकीची सबसिडी कोणत्या बँकेत, कोणत्या तारखेला गेली आणि निकाल काय आहे? नाकारली असेल तर कारण सांगा." समोरच्याला मग 'येईल, वाट बघा' असं म्हणता येत नाही, स्क्रीन उघडावीच लागते. डिलिव्हरीनंतर बँकेचे दोन-चार कामाचे दिवस जाऊ द्या. दुसऱ्याच दिवशी आलात तर 'वाट बघा' हेच खरं उत्तर असेल. उत्तर वहीत लिहून घ्या, बँकेत तेच दाखवायचं आहे.

आणि फोनवर कोणी 'सबसिडी सुरू करून देतो' म्हणून ओटीपी मागितला तर फोन ठेवा. एजन्सीला तुमचा जो कोड लागतो तो फक्त टाकी दारात असताना, टाकी देणाऱ्यालाच सांगायचा.

एजन्सीने दाद दिली नाही तर १८००-२३३-३५५५ या टोल फ्री नंबरवर तक्रार करा, किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर. १९०६ हा नंबर गॅस गळतीसाठी आहे, सबसिडीसाठी तिथे फोन करू नका. तक्रारीत एलपीजी आयडी, डिलिव्हरीची तारीख, पावतीचा नंबर आणि नाकारल्याचं कारण लिहा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. पैसे नाकारले गेले होते आणि आता खातं दुरुस्त झालंय, तर जुन्या टाक्यांच्या रकमा पुन्हा पाठवण्याची विनंती त्याच तक्रारीत तारखांसह करा. पैसे यशस्वी दिसत असतील तर मात्र अशी विनंती टिकणार नाही, कारण कंपनीच्या लेखी ते तुम्हाला मिळालेले आहेत. तेव्हा त्या दुसऱ्या बँकेच्या शाखेत आधार घेऊन जा आणि तुमच्या नावाचं खातं कोणतं ते विचारा.